भाच्याने न उघडलेल्या पुस्तकाबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय, एक तारा: "भाच्याच्या नवव्या वाढदिवसाला पुस्तक हवं म्हणाले. वय विचारून दोनशे पानी ऐतिहासिक कादंबरी दिली. भाचा इंग्रजी शाळेत चौथीला आहे, आधीच वाचायचा कंटाळा. दोन महिने पुस्तक कपाटात. बदलायला गेलो तर आत नाव लिहिलंय म्हणून परत पाठवलं."

नमस्कार ताई,

चूक आमची. काउंटरवरच्या मुलाने वय विचारलं, शाळेचं माध्यम विचारलं नाही. बेळगावात तोच प्रश्न आधी यायला हवा.

तुमच्या भाच्यासारखी बरीच मुलं दुकानात येतात. घरी मराठी फडाफडा बोलतात, गोष्ट ऐकताना एक शब्द अडत नाही. पण शाळेत वाचतात इंग्रजी आणि कन्नड. देवनागरी आजीकडून येईल तेवढीच. अडतात ती जोडाक्षरांपाशी. कन्नडात जोडलेलं अक्षर खाली लटकतं आणि 'सूर्य'मधला र अक्षराच्या नंतर येतो. मराठीत तोच रफार होऊन डोक्यावर बसतो. आणि ऐतिहासिक कादंबरीत तर ओळीओळीला 'राज्याभिषेक', 'दुर्ग', 'शौर्य'! पोराला कंटाळा नव्हे, दम लागतो.

घरी एवढं करून बघा. पुस्तकाचं मधलंच पान उघडून त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. (पहिलं पान नको, ते बहुधा सोपं असतं.) अडलेल्या प्रत्येक शब्दाला तुम्ही गुपचूप एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही मिटली, तर ते पुस्तक सध्या त्याचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द तो अंदाजाने ठोकत असेल, तर तेही अडलेलंच धरा.

पण म्हणून थेट बालवाडीचं चित्रांचं पुस्तकही देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलाला ते मित्रांसमोर धरायची लाज वाटते. गोष्ट त्याच्या वयाची, अक्षर मोठं, पानं चाळीस-पन्नास, पानोपानी चित्र आणि भरपूर संवाद, असं बघा. बोलण्यातली मराठी त्याला येतेच, त्यामुळे संवाद भराभर वाचून होतात. मालिकेतलं पहिलं पुस्तक सापडलं तर उत्तम. आवडलं की पुढचं तो स्वतः मागतो. क्रिकेटचं, कोड्यांचं, चित्रकथेचं पुस्तकही चालेल, त्याला कमी लेखू नका.

इंग्रजी आणि कन्नडही असंच अडखळत असेल, तर मात्र पुस्तक बदलून भागणार नाही. आधी डोळे तपासून घ्या, वर्गशिक्षिकेशी बोला.

नाव लिहिलेलं असलं तरी पुस्तक घेऊन या, बदलून देतो. येताना भाच्याला घेऊन या. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, त्याआधी बरं. दोन-तीन पुस्तकं काढून ठेवतो, मधलं पान तोच वाचेल. आणि ती कादंबरी ठेवावीशी वाटली तर ठेवा, रात्री तुम्ही वाचून दाखवा. ऐकायला ती त्याला जड जाणार नाही.