जुलैचा रिपोर्ट का थांबला?

"जुलैचा रिपोर्ट १ तारखेला सकाळी यायचा, तो ४ तारखेला आला. सर्व्हर स्लो झालाय, नवीन घ्या. त्यात डिस्पॅचवाले शेवटच्या दिवशी रात्री उशिरा बिलं टाकतात, म्हणून घोळ होतो. आधीसारखा एक्सेलमध्ये हातानं केला असता तर वेळेत आणि बरोबर मिळाला असता."
(अंबड प्लांटच्या अकाउंट्स ग्रुपवरून पुढे फिरलेला मेसेज)

नाशिक, ६ ऑगस्ट २०२५

आदरणीय मॅडम,

हा मेसेज आपल्यापर्यंत आलाच असेल. उशीर झाला हे खरं आहे. कारणं मात्र चुकीची दिली आहेत, आणि त्यांवरून सर्व्हरचा खर्च किंवा हाताच्या रिपोर्टचा निर्णय होऊ नये म्हणून हे पत्र.

सर्व्हरचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. १ ऑगस्टला सकाळी ६ वाजता काम सुरू झालं आणि नेहमीइतक्याच वेळात शेवटच्या टप्प्यावर पोचलं. तिथे रिपोर्टमधली विक्री आणि लेजरमधली विक्री ताडून पाहिली जाते. लेजरमध्ये ४,१२,६०,००० रुपये होते, रिपोर्टमध्ये ३,८६,१५,०००. आकडे जुळेनात, म्हणून रिपोर्ट पाठवला गेला नाही. तो अडकला नव्हता, अडवला गेला होता.

फरक २६,४५,००० रुपयांचा. दिवसवार बेरजा काढल्या तेव्हा १ ते ३० जुलै पैशापर्यंत जुळले आणि ३१ जुलैची विक्री रिपोर्टमध्ये शून्य निघाली. लेजरमध्ये त्या दिवसाची विक्री बरोबर २६,४५,००० होती. क्वेरीतली जुनी अट अशी होती:

```sql
WHERE bill_date BETWEEN '2025-07-01' AND '2025-07-31'
```

`bill_date` मध्ये पूर्वी फक्त तारीख साठत असे, म्हणजे प्रत्येक बिलाची वेळ रात्री १२ ची. जुलैच्या मध्यावर ईआरपी अपडेट झालं आणि तारखेसोबत खरी वेळही साठू लागली. वेळ दिली नसेल तर डेटाबेस `'2025-07-31'` चा अर्थ ३१ तारीख सुरू होण्याचा क्षण असा घेतो. त्यामुळे सकाळी ९ चं बिलसुद्धा मर्यादेबाहेर गेलं. जूनपर्यंत हे दिसलं नाही, कारण तेव्हाच्या बिलांना वेळच नव्हती.

यावरून डिस्पॅचचा दोष नाही हेही स्पष्ट होतं. ३१ ला त्यांचं शेवटचं बिल रात्री ९:१४ चं आहे आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला सुरू झाला. महिनाअखेरीला गाड्या भरताना ती मंडळी रात्रीपर्यंत गोदामात उभी असतात. त्यांनी दुपारी ४ ला काम थांबवलं असतं तरी त्या दिवसाची बिलं गळालीच असती. त्यांच्यावर हे ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

आता हातानं करण्याबद्दल. जुनी शीट उघडून मी तीच बिलं त्यात टाकली. तिथे `SUMIFS` ला `"<="&DATE(2025,7,31)` ही अट आहे. एक्सेलसाठी ३१ जुलै २०२५ म्हणजे 45869, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ६:४० म्हणजे साधारण 45869.78. अटीत तो बसत नाही. शीटनेही तेच २६,४५,००० गाळले, आणि त्या शीटमध्ये लेजरशी ताडणी नाही. रिपोर्ट वेळेत मिळाला असता, पण चुकीचा. तोच आकडा धरून जीएसटीआर-१ ची तयारी झाली असती, ज्याची मुदत ११ ऑगस्ट आहे.

अट आता अशी बदलली आहे:

```sql
WHERE bill_date >= '20250701' AND bill_date < '20250801'
```

शेवटी 23:59:59.999 लिहा असंही कोणी सुचवलं. आपल्या एसक्यूएल सर्व्हरवर `datetime` प्रकारात ती वेळ पुढच्या दिवसाच्या 00:00:00 ला गोल होते, म्हणजे १ तारखेच्या मध्यरात्रीची नोंद आधीच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत, एवढंच म्हणणं सुरक्षित. खरेदी आणि येणे बाकीच्या रिपोर्टमध्येही जुनीच अट सापडली, ती बदलली. जून आणि जुलै दोन्ही पुन्हा चालवून लेजरशी जुळवले.

मग शुक्रवारी सकाळी थांबलेली गोष्ट सोमवारपर्यंत का लांबली? थांबल्याची सूचना एकाच मेलबॉक्सवर जात होती, आणि ते सहकारी सिन्नरच्या युनिटला बदलून गेले आहेत. मध्ये शनिवार-रविवार गेला. आता सूचना माझ्याकडे आणि अकाउंट्सच्या प्रमुखांकडे मेल व एसएमएसने येते, फरकाची रक्कम आणि न जुळणारी तारीख यांसह.

ताडणी फक्त बेरीज पाहते. एका ग्राहकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर पडलं तर बेरीज जुळेल आणि चूक निसटेल. त्यासाठी ग्राहकवार ताडणी ऑगस्टच्या रिपोर्टपासून जोडतो आहे.

एका गोष्टीला आपली लेखी मंजुरी हवी आहे: आकडे जुळले नाहीत तर कोणी कितीही घाई केली तरी रिपोर्ट बाहेर जाणार नाही, आणि तो तसाच सोडण्याचा अधिकार फक्त आपल्याकडे राहील.

आपला विश्वासू,
विश्लेषक, वित्त विभाग