‘गंडवणं’ या शब्दाला उत्तर

*आलेली प्रतिक्रिया:*

*“सर, तुमच्या लेखातली मराठी व्याकरणातल्या प्रयोगांवरची चाचणी बघितली. चुकीचा पर्याय निवडला की मुलाच्या डोक्यात काय आहे ते कळतं म्हणे! पोरं अंदाजपंचे टिक मारतात, त्यातून तुम्ही मानसशास्त्र काढता. मुद्दाम जवळचे पर्याय घालून पोरांना गंडवायचं आणि वर त्याला निदान म्हणायचं. सातव्या वाक्यात ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ दिलंय, त्याचं उत्तर तर तुमच्या पर्यायांतच नाही. नियम पाठ करून घ्या, दहा वाक्यं सोडवून घ्या, झालं. शाळेत एवढा वेळ कुणाला आहे? – एक निवृत्त शिक्षक”*

सर, नमस्कार.

सातव्या वाक्याबद्दल आपलं म्हणणं बरोबर आहे. ‘लिहिली’ चिठ्ठीप्रमाणे चालतं आणि शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे येतो, म्हणजे तो कर्तृ-कर्म संकर झाला. कर्तरी, कर्मणी, भावे या तीन पर्यायांत त्याला जागा नव्हती. माझी चूक. वाक्य बदललं आहे.

पण ‘गंडवायचं’ हा शब्द मला लागला. मी बावीस वर्षं शिकवतोय. सुरुवातीची नऊ वर्षं पन्हाळ्याकडच्या एका वाडीवर, नंतर कोल्हापुरात. एवढ्या वर्षांत माझ्यावर पोरांना मारल्याचा आरोप झाला नाही, आणि फसवल्याचा तर नाहीच नाही. आपणही शिक्षक होतात म्हणता. मग दुसऱ्या शिक्षकाच्या कामाबद्दल लिहिताना हा शब्द हाताखालून गेला कसा? मुद्दा खोडायचा होता तर खोडायचा होता, हेतूवर बोट कशाला?

आता अंदाजाचं. हे एकच वाक्य मी मनावर घेतो, कारण ते सगळेच म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे.

मी सातवीत होतो तेव्हा प्रयोग ओळखण्यात मला पाचपैकी पाच पडायचे. माझा नियम एका ओळीचा होता: कर्त्याला ‘ने’ लागला की कर्मणी, नाही लागला की कर्तरी. ‘सीतेने पोळी खाल्ली’, कर्मणी. ‘राम आंबा खातो’, कर्तरी. गुरुजी खूश, मीही खूश. क्रियापद कुणाच्या मागं चालतंय हे बघायचं असतं, कर्त्याच्या मागं गेलं तर कर्तरी, कर्माच्या मागं गेलं तर कर्मणी, कुणाच्याच मागं न जाता नपुंसकलिंगी एकवचनी राहिलं तर भावे, याचा मला पत्ताच नव्हता. डी.एड.च्या परीक्षेत ‘मी दोन पत्रे लिहिली’ आलं. ‘मी’ला ‘ने’ नाही, म्हणून मी बिनधास्त कर्तरी लिहिलं आणि गुण गेले. इतकी वर्षं चूक माझ्या डोक्यात बसलेली होती आणि दरवर्षी तिला पूर्ण गुण मिळत होते. आपण म्हणता ती ‘दहा वाक्यं’ मीही सोडवली होती, सर. दहाच्या दहा बरोबर.

माझी चाचणी इथून सुरू झाली. ‘सीतेने पोळी खाल्ली’ हे वाक्य घ्या. ज्याला विषय कळलाय तो कर्मणी म्हणतो. ‘ने’वर जाणाराही कर्मणी म्हणतो. ‘कर्म दिसलं की कर्मणी’ असं धरून बसलेलाही कर्मणीच म्हणतो. तिघांचं उत्तर एक, मग त्या वाक्यातून मास्तरला कळलं काय? त्यात सीता स्त्रीलिंगी आणि पोळीही स्त्रीलिंगी, म्हणजे ‘खाल्ली’ कुणामुळे झालं हे पोराला दिसायची सोयच नाही. आपल्या व्यवसायमालांत अशी वाक्यं खच्चून भरलेली असतात.

म्हणून मी आधी पर्याय लिहितच नाही. आधी एक तास कोरे कागद वाटतो. फळ्यावर पाच वाक्यं लिहायची, मुलांनी प्रयोग लिहायचा आणि पुढे ‘कशावरून?’ याचं उत्तर आपल्या शब्दांत द्यायचं. ते कागद घरी आणून मी त्यांचे गठ्ठे लावतो. दरवेळी दोन गठ्ठे सगळ्यांत जाड होतात: एक ‘ने आहे म्हणून’वाल्यांचा, दुसरा ‘काय खाल्लं याचं उत्तर मिळतंय, म्हणजे कर्म आहे, म्हणून कर्मणी’वाल्यांचा. चुकीचे पर्याय मी या गठ्ठ्यांवरून ठरवतो. ‘जवळचे पर्याय मुद्दाम घालून’ असं आपण लिहिलंत. ते पर्याय पोरांचेच आहेत.

मग अशी वाक्यं शोधायची की जिथं या समजुती वेगवेगळ्या वाटांनी जातील. माझी तीन वाक्यं अशी आहेत: ‘मी दोन भाकऱ्या खाल्ल्या’, ‘आईने मुलीला बोलावले’, ‘ती पत्ता विसरली’. खरी उत्तरं अनुक्रमे कर्मणी, भावे, कर्तरी. ‘ने’वर चालणारा मुलगा सांगतो कर्तरी, कर्मणी, कर्तरी. कर्म बघून चालणारा सांगतो कर्मणी, कर्मणी, कर्मणी. तिसऱ्या वाक्यात भूतकाळ आहे, कर्मही आहे, तरी ‘विसरणे’ कर्त्याच्याच मागं जातं, म्हणून तो तिथं अडकतो. मी एकेका टिकेकडे बघत नाही, तिन्ही उत्तरांची ओळ एकत्र वाचतो.

आणि इथंच आपल्या अंदाजपंचेचा हिशेब लागतो. तीन वाक्यं, प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे उत्तरांच्या 27 ओळी होऊ शकतात. पोरानं खरोखर डोळे मिटून टिक मारली तर ‘ने’वाल्यांची नेमकी ओळ जुळायची शक्यता सत्तावीसात एक. चाळीसच्या वर्गात असा एखाददुसरा निघेल, हे मान्य. म्हणून आठवड्यानं त्याच जातीची दुसरी तीन वाक्यं देतो. सहाही ठिकाणी तीच ओळ नशिबानं जुळायची शक्यता 729 मध्ये एक. ज्याची ओळ कुठल्याच समजुतीशी जुळत नाही, त्याच्या नावापुढं मी काहीही लिहीत नाही. त्याला बाकाजवळ बोलावून दोन वाक्यं तोंडी विचारतो. अंदाजानं टिक मारणारा पोरगा असा वेगळा पडतो. एकाच प्रश्नावरून निदान होतं असं मी कुठंही लिहिलेलं नाही, सर. मूळ लेख पुन्हा वाचावा ही विनंती.

ही पद्धत फसते कुठं, ते आपल्याला माहीत नसावं, नाहीतर आपण तेच विचारलं असतं. पहिल्या वर्षी माझं पहिलं वाक्य ‘मी आंबा खाल्ला’ असं होतं. वाचणारा मुलगा असेल तर ‘मी’ही पुल्लिंगी आणि आंबाही पुल्लिंगी, म्हणजे पुन्हा तीच सीता-पोळीची गत. म्हणून ‘चार आंबे खाल्ले’ केलं. तर ‘खाल्ले’ नपुंसकलिंगी एकवचनासारखं दिसतं आणि काही मुलं त्यावरून भावेकडं गेली. शेवटी ‘दोन भाकऱ्या खाल्ल्या’वर आलो. ‘खाल्ल्या’ हे रूप स्त्रीलिंगी अनेकवचनाशिवाय दुसऱ्या कशाचंच होत नाही.

तरीही एक गठ्ठा माझ्या हिशेबात बसेना. सात-आठ मुलं पहिल्या वाक्याला कर्तरी म्हणत होती, आणि ‘आईने मुलीला बोलावले’ला मात्र बरोबर भावे. ती ‘ने’वाली असती तर तिथं कर्मणी म्हणाली असती. मग हे काय? तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं. तिनं वाक्य दोनदा ओठांत म्हणून बघितलं, वहीच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं आणि म्हणाली, “सर, आम्ही घरात ‘मी भाकरी खाल्लो’ असंच म्हणतो की. मग ते माझ्याप्रमाणंच चालतंय न्हवं?”

तिचं निरीक्षण बिनचूक होतं. आमच्या भागात ‘मी काम केलो’, ‘मी चहा घेतलो’ असं सर्रास बोलतात. तिच्या घरच्या बोलीत तिथं क्रियापद खरोखरच ‘मी’च्या मागं जातं. तिनं नियम बरोबर लावला होता, फक्त तो कानातल्या वाक्याला लावला, कागदावरच्या नाही. तिला मी ‘ने’वाल्या गठ्ठ्यात टाकलं असतं तर जे तिला येतंच होतं तेच पुन्हा शिकवत बसलो असतो, आणि तिच्या घरची भाषा चुकीची आहे हेही न बोलता तिला सांगितलं असतं. लहानपणी ‘मी केलो’ म्हटल्याबद्दल एका मास्तरांनी मला भर वर्गात उभं केलं होतं. त्यानंतर मी बरेच महिने वर्गात ‘मी’नं सुरू होणारं वाक्यच बोललो नाही. त्यामुळे हे मी हलक्यावर घेऊ शकत नाही.

त्यानंतर या वाक्याआधी एक प्रश्न वाढवला. ‘मी दोन भाकऱ्या ____’, आणि पर्याय ‘खाल्ल्या’, ‘खाल्लो’, ‘खाल्ले’. यात चूक-बरोबर नाही, गुणही नाहीत; वर स्पष्ट लिहिलंय की घरात कसं म्हणता ते सांगा. जो इथं ‘खाल्ल्या’ घेतो आणि पुढं कर्तरी म्हणतो, तो ‘ने’च्या मागं आहे. त्याच्याशी बोलायचं ते ‘मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ असं कर्म बदलत. जो ‘खाल्लो’ घेऊन कर्तरी म्हणतो, त्याला प्रयोग समजलाय. त्याला पुस्तकातलं रूप आणि घरचं रूप शेजारी-शेजारी लिहून दाखवलं की पाच मिनिटांत भागतं. कर्मवाल्यांना ‘तो वही विसरला, ती वही विसरली’ असा कर्ता बदलून दाखवावा लागतो. पहिल्या दोघांच्या ‘कर्तरी’वरच्या टिका सारख्याच दिसतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. सरसकट नियम पाठ करून घेतला तर यातल्या कुणाचंच काही हलत नाही, कारण प्रत्येकाकडं आधीच एक पाठ केलेला नियम आहे.

वेळेबद्दल एवढंच: तीन वाक्यांना दहा मिनिटं लागतात. आपल्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या वाक्यांना उत्तर द्यावं असं त्यात मला काही दिसलं नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आपल्या वर्गातले कागद घेऊन लिहा. सातवं वाक्य आता ‘मी सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या’ असं आहे. ते दुसऱ्या संचात गेलंय, सोबत ‘पोलिसांनी चोराला पकडले’ आणि ‘ती धडा शिकली’.