साखर 512, पोटॅशियम 2.9: इन्सुलिन आधी का नाही

«ताई, दोघींच्या वादात तुम्ही गुहागरच्या मुलीला बरोबर ठरवलंत, ते अजिबात पटलं नाही. साखर 512, लघवीत कीटोन, आणि ती म्हणते इन्सुलिन थांबवा? या आजारावर इन्सुलिन हेच तर औषध. नुसत्या सलाईनवर पेशंट ठेवायला शिकवलंत तर मुली वॉर्डात गोंधळ घालतील.»

दादा, मी शिकवते त्या दोन मुलींचा वाद डायबेटिक कीटोॲसिडोसिसच्या, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन साचून ते आम्ल होण्याच्या, एका प्रश्नावर होता: आधी इन्सुलिन की आधी पोटॅशियम. कीटोन तयार होणं बंद करतं ते इन्सुलिनच, सलाईन नव्हे. त्यामुळे तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पण प्रश्नातला पेशंट पुन्हा नीट बघा. देवगडकडचा 22 वर्षांचा मुलगा, वजन 50 किलो, टाइप 1 मधुमेह. तीन दिवस उलट्या, पोटात पेजसुद्धा ठरत नाही, म्हणून घरच्यांनी "जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला" असं म्हणून ते बंद केलं. श्वास खोल आणि जलद, पीएच 7.12, पोटॅशियम 2.9. लघवी होते आहे.

वेंगुर्ल्याची मुलगी तुमच्यासारखंच म्हणाली होती, "अगो, साखर पाचशेवर आहे, आधी इन्सुलिन!" त्यावर गुहागरच्या मुलीनं विचारलं, "पोटॅशियम किती आहे ते वाचलंस?" सगळा वाद या एका आकड्याचा आहे.

इन्सुलिन नसलं की पोटॅशियम पेशींतून बाहेर रक्तात येतं आणि तिथून लघवीवाटे निघून जातं. उलट्यांनी त्यात भर पडते. म्हणून अशा पेशंटचं शरीर पोटॅशियमने रिकामं झालेलं असतं, तरी रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल किंवा वाढलेलाच दिसतो. इथे बाहेर येऊनही तो 2.9 आहे, म्हणजे तूट खूप खोल आहे. आता इन्सुलिन दिलं तर साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत शिरणार आणि रक्तातला आकडा आणखी कोसळणार. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. कीटोनने जीव जायच्या आधी पेशंट इन्सुलिननेच दगावू शकतो.

म्हणून 3.5 च्या खाली पोटॅशियम असेल तर इन्सुलिन थांबवायचं. जुन्या पुस्तकांत ही रेघ 3.3 आहे, 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ती 3.5 झाली. 2.9 दोन्हींच्या खालीच येतं.

आणि हा वेळ नुसता सलाईनवर जात नाही. पहिल्या तासात 1 लिटर नॉर्मल सलाईन, त्यातच डॉक्टरांच्या ऑर्डरने पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा एक अँप्युल, म्हणजे 20 मिलीइक्विव्हॅलंट. तासाला साधारण एवढंच, मॉनिटर लावून आणि लघवीवर नजर ठेवून. हा अँप्युल शिरेत थेट कधीच ढकलायचा नाही. टांगलेल्या बाटलीत सोडून तसाच ठेवला तरी धोका आहे, कारण औषध जड असल्याने खाली नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम आत जातं. बाटली खाली उतरवून चांगली उलटीपालटी करायची, मगच लावायची. हे मी मुलींना हातात बाटली देऊन करून दाखवते.

समजा तीन तासांनी पोटॅशियम 3.6 आलं. एव्हाना साखरही पुष्कळ उतरलेली असेल, कारण पाणी मिळालं की मूत्रपिंड ती बाहेर टाकू लागतं. आता साधं रेग्युलर इन्सुलिन, किलोमागे तासाला 0.1 युनिट, म्हणजे इथे 5 युनिट, इन्फ्युजन पंपावर. पोटॅशियम सलाईनमधून चालूच ठेवायचं आणि दर दोन तासांनी तपासायचं.

हेच पोटॅशियम 4.8 असतं तर मी तुमच्या बाजूला असते. तेव्हा सलाईनबरोबरच इन्सुलिन लवकर सुरू करायचं, रेंगाळायचं नाही. लहान मुलांचं गणित मात्र निराळं, तिथे मेंदूला सूज येण्याची भीती असते म्हणून सलाईन बेतानं द्यावं लागतं.

आपल्याकडे एक अडचण खरी आहे. लहान दवाखान्यातून नमुना शहरातल्या लॅबला जातो आणि रिपोर्ट उशिरा येतो. तोवर ईसीजी काढा. टी लाट चपटी आणि मागे यू लाट दिसली तर पोटॅशियम कमी असल्याचा संशय धरा. रिपोर्ट चांगला आला तरी रक्त बारीक सुईतून जोर लावून ओढलं होतं का, हे विचारा. पेशी फुटल्या की आकडा खोटाच वाढून येतो.

वेंगुर्ल्याच्या मुलीचा दुसरा मुद्दा तुमच्या टिप्पणीत नाही, पण तिथे तुम्ही नक्की माझ्याशी सहमत व्हाल. साखर 240 झाल्यावर ती म्हणाली, "आता बंद करूया इन्सुलिन." तेव्हा बंद करायचं नसतं. सलाईनला डेक्स्ट्रोज जोडायचं, इन्सुलिन किलोमागे तासाला 0.05 युनिटवर आणायचं आणि रक्तातले कीटोन 0.6 च्या खाली, पीएच 7.3 च्या वर येईपर्यंत चालू ठेवायचं. इन्सुलिनच मुख्य औषध हा तुमचा आग्रह मला तिथे हवा आहे.