चप्पल शोधणारा प्रत्येक जण घ्यायलाच आलेला नसतो

गूगलवर कोल्हापुरी चपलांची जाहिरात करायची म्हटलं की एक सल्ला मिळतो: "शोधणारा शेवटी चप्पलच शोधतोय. सगळे कीवर्ड एकत्र टाका, जाहिरात एकच, लिंक होमपेजची, बोली सगळ्यांना सारखी. बाकी गूगल बघून घेतंय."

"शेवटी चप्पलच." कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत तासभर उभं राहून बघा. एक जण विचारतो, "ही अस्सल कातड्याची कशावरनं?" दुसरा, "कापशी बरी का पुकारी?" तिसरा थेट, "नऊ नंबर आहे काय?" दुकानदार तिघांना एकच उत्तर देत नाही. गूगलवरही हीच तीन गिऱ्हाइकं असतात: माहिती काढणारं, तुलना करणारं आणि घ्यायला आलेलं.

"बोली सारखी." बोली म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचं ते. खरा खड्डा इथं आहे. समजा, एका जोडामागं खर्च जाऊन 400 रुपये सुटतात. 'कोल्हापुरी चप्पल साईज 9 किंमत' शोधून आलेल्या 100 जणांतले 4 घेतात. म्हणजे 100 क्लिकवर 1600 रुपये सुटले, एका क्लिकला 16 रुपयांपर्यंत परवडतं आणि तिथं नफा शून्य. 'कापशी का पुकारी'वाल्यांतला 100 त 1 घेतो: 4 रुपये. 'अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची'वाल्यांत हजारात 1: 40 पैसे. तिघांना सरसकट 8 रुपये लावले, तर पहिल्यासाठी बोली कमी पडते आणि तिसऱ्यावर पैसे जळतात. तरी तुलनावाल्याला फार कापू नका. तो दोन दिवसांनी दुकानाचं नाव टाकून परत येतो आणि विक्री त्या नावाच्या शोधावर चढते.

"लिंक होमपेजची." नऊ नंबरवाल्याला पुरुषांच्या चपलांचं पान द्या: साईज, किंमत, पोहोच किती दिवसांत. जाहिरातीतही तेच लिहा. तुलनावाल्याला दोन्ही प्रकारांचे फोटो शेजारी-शेजारी, तळ, वजन आणि रोजच्या वापराला कुठली, एवढं पुरे. ओळख विचारणाऱ्यासाठी लेख लिहा, पण त्यावर जाहिरातीचा पैसा नको.

"गूगल बघून घेतंय." अर्धं खरं आहे. गूगलचं आपोआप बोली लावणारं स्मार्ट बिडिंग प्रत्येक शोधागणिक बोली बदलतं, पण शिकायला त्याला विक्रीचे आकडे लागतात. महिन्याला सात-आठ ऑर्डरी असतील तर ते अंदाजच बांधतंय. आणि चुकीचं पान काही ते तुमच्यासाठी नव्यानं लिहीत नाही.

आमच्या एका खात्यात, लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला तर 'चप्पल दुरुस्ती' आणि 'कशी बनवतात' यांवर क्लिक पडत होते. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसत नाही. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत टाकायला लागतात, कारण निगेटिव्हला समानार्थी रूपं आपोआप लागू होत नाहीत.

नुसता 'कोल्हापुरी चप्पल' हा शब्द मात्र तिन्ही गिऱ्हाइकांचा. त्याचा वेगळा ॲड ग्रुप केला, बोली मधली ठेवली आणि जाहिरातीत किंमत लिहिली. फुकटात बघायला येणारे तिथंच गळतात.