पाकळ्या उधळताना

मावशीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो माझ्याकडे आला, तोवर मावसभावाने एडिट करताना त्यावर पाकळ्या उधळल्याही होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, सारख्याच ठळक. फ्रेमच्या काचेवर चिकटवल्यासारख्या. "छान आहे, पण काहीतरी खटकतंय," मावशी म्हणाली. "तू जरा बघ."

खटकत होतं ते अंतर. फोकस मावशी-काकांवर होता, कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर. पार लांबचे दिवे विरघळून ४० पिक्सेलची वर्तुळं झाली होती. मग हवेतली प्रत्येक पाकळी शिरा मोजता येतील इतकी स्पष्ट कशी?

ही वर्तुळं म्हणजे आयती मोजपट्टी. दीड मीटरवरची, म्हणजे निम्म्या अंतरावरची पाकळी मावशीजवळच्या पाकळीच्या दुप्पट दिसते आणि धूसर होते थेट त्या दिव्यांइतकी, ४० पिक्सेल. १ मीटरवर तिप्पट माप आणि ८० पिक्सेल धूसरपणा. मागे मात्र निसर्ग हात आखडता घेतो: ६ मीटरवर निम्मं माप आणि २० पिक्सेल, आणि त्यापुढे कितीही लांब गेलं तरी ४० च्या वर नाही. मी तीन थर केले. मागे पुष्कळ बारीक पाकळ्या, मधे काही स्पष्ट, पुढे मोजून दोन-तीन ढब्ब्या. धूसर करायला लेन्स ब्लर, म्हणजे लेन्ससारखी गोल धूसरता देणारा फिल्टर. सरसकट मऊ पुसणारा गॉशियन ब्लर लावला की पाकळीऐवजी लेन्सवर बोट लागल्याचा भास होतो. मागचा थर आधी धूसर केला आणि मग काकांच्या कडेने मास्क लावून त्यांच्यावर आलेला भाग झाकला. उलट केलं असतं तर कापलेली कडही धूसर होऊन काकांना गुलाबी प्रभावळ आली असती. तेवढी त्यांची आध्यात्मिक प्रगती नाही. शेवटी पाकळ्यांवर थोडा नॉइज टाकला, कारण ब्लरमुळे त्या गुळगुळीत होतात आणि बाकी फोटो दाणेदार राहतो.

इथवर भौतिकशास्त्र होतं. पुढे नातेवाईक सुरू झाले. पुढच्या थरातली ढब्बी पाकळी जाईल तिथे कुणाचं तरी तोंड झाकते. डावीकडे ठेवली तर धाकट्या जाऊबाई गायब. "मुद्दाम केलंय असं म्हणेल ती," मावशी म्हणाली. उजवीकडे नेली तर मोठ्या जाऊबाई गायब. यावर मावशी जरा जास्तच वेळ गप्प राहिली, पण मग नाहीच म्हणाली. अखेर पाकळ्या कोपऱ्यांत गेल्या. एक काकांच्या पोटापुढे ठेवली, तिला खुद्द काकांचाच पाठिंबा मिळाला.

तयार फोटो गटावर गेला. मावशीचा निरोप आला, "सुंदर! फक्त पुढच्या पाकळ्या पुसट आल्यात, त्या तेवढ्या स्पष्ट कर." मी उत्तर लिहितोय तोवर थोरल्या काकांचा आला: "पाकळ्या मीच उधळत होतो. मी कुठे दिसत नाही?"