लेट गाडीचं रिफंड: आमच्या रेल्वे तिकीट एजन्सीच्या एका रिव्ह्यूला उत्तर

"गाडी चार तास लेट होती म्हणून तत्काळचं तिकीट कॅन्सल करायला सांगितलं. महिना होत आला, पैसे नाहीत. माझ्या भावाची गाडी रद्द झाली तर त्याचे पैसे आठवड्यात आले. हे लोक पैसे वापरून घेतात बहुतेक. सोलापूरकरांनो, जपून!"

नमस्कार साहेब. भावाची गाडी रेल्वेनेच रद्द केली होती. तशा ई-तिकिटाला कुणी काही करावं लागत नाही, पूर्ण भाडं आपोआप परत निघतं आणि बँकेचे काही दिवस धरून खात्यात पडतं. तुमची गाडी लेट होती, पण धावली. तिथे आपोआप काहीच होत नाही.

त्या रात्री मी कॅन्सलचं बटण मुद्दामच दाबलं नाही. कन्फर्म तत्काळ आपण होऊन रद्द केलं की हातात शून्य येतं, आणि चार्ट लागल्यावर तर ऑनलाइन कॅन्सल होतच नाही. गाडी आपल्या चढायच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तिकिटावरच्या कुणीच प्रवास केला नसेल, तर टीडीआर म्हणजे रिफंडचा ऑनलाइन दावा भरायचा. मग तत्काळचंही पूर्ण भाडं मिळू शकतं. आणखी एक अट, गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत तो भरला पाहिजे. तुमची गाडी सोलापुरातून संध्याकाळी सातला सुटायची, ती सव्वाअकराला सुटली. तुमचा फोन नऊच्या सुमारास आला आणि लगेच टीडीआर भरला. सकाळी निवांत सांगितलं असतंत, तर दावा तिथेच संपला असता. असे पैसे बुडवून बसलेले लोक आमच्या काउंटरवर नेहमी येतात.

हा दावा आयआरसीटीसीकडून रेल्वेच्या रिफंड कार्यालयात जातो. तिथे गाडी खरंच किती लेट होती आणि टीटीईच्या चार्टवर तुम्ही गैरहजर आहात का, हे पडताळतात. याला दोन महिने धरून चालायचं, कधी जास्तही लागतात. चार्टवर चुकून हजेरी लागली असेल, तर दावा फेटाळला जातो.

पैसे आधी आमच्या खात्यात येतात हे खरं, कारण बुकिंग आमच्या आयडीवरून झालं. पण तुमच्या दाव्याचे ते अजून आलेले नाहीत. आमच्या लॉगिनमध्ये टीडीआर हिस्ट्रीत आज काय दिसतंय ते दुकानात येऊन स्क्रीनवरच बघा, प्रिंटही देतो. पीएनआर इथे चारचौघांत लिहीत नाही. पुढे साधं तिकीट रद्द केलंत, तर तुमच्या मोबाइलवर ओटीपी आणि रिफंडची रक्कम येते. ती रक्कम हातात पडल्याशिवाय ओटीपी कुठल्याही एजंटला देऊ नका, आम्हालासुद्धा.

दावा फेटाळला गेलाच, तर भाड्याच्या परताव्यासाठी रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी लागणारी टीडीआरची पावती आणि तिकिटाची प्रत आम्ही काढून ठेवली आहे. आमचा सेवा आकार आणि आयआरसीटीसीची सुविधा फी मात्र परत मिळत नाही, हे बुकिंगच्या वेळी बिलावर लिहिलेलं होतं.