‘खाली आणि बाहेर’ की ‘नाकाकडे पाहताना खाली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “सुपिरियर ऑब्लिक हा स्नायू डोळा खाली आणि बाहेर वळवतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तुम्ही मात्र ‘नाकाकडे पाहताना खाली’ असे बेधडक लिहिले आहे. मूलभूत शरीररचना माहीत नसताना लोकांना शिकवू नये. सहाव्या नर्व्हचा भाग त्रोटक आहे आणि आकृत्याही नाहीत.”

आदरणीय वाचक,

चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायला मला कधीच संकोच वाटलेला नाही, परंतु ‘लोकांना शिकवू नये’ असा हुकूम सोडणे ही चूक दाखवण्याची रीत नव्हे. एक गोष्ट मान्य करते. डोळ्याच्या नर्व्ह तपासण्यावरच्या माझ्या लेखातल्या तक्त्याच्या मथळ्यात मी ‘स्नायूचे कार्य’ असे लिहिले होते, तिथे ‘स्नायू तपासण्याची दिशा’ असे हवे होते. तेवढे दुरुस्त केले आहे. मजकुरातले एकही अक्षर मात्र बदलणार नाही.

सुपिरियर ऑब्लिक डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकाशी सुरू होतो, नाकाच्या बाजूने पुढे येतो, खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातल्या कप्पीतून वळतो आणि तिथून मागे व बाहेर जाऊन नेत्रगोलाच्या वरच्या पृष्ठभागावर, मध्यरेषेच्या मागे चिकटतो. त्याची ओढ कप्पीच्या दिशेने, म्हणजे पुढे आणि नाकाकडे असते. मागचा भाग असा ओढला गेला की बुबुळ खाली आणि थोडे बाहेर जाते, आणि डोळ्याचा माथा नाकाकडे कलतो. आपल्या पुस्तकातले वाक्य या अर्थाने खरे आहे, पण ते नजर सरळ समोर असतानाचे आहे. तेव्हा ही ओढ नजरेच्या रेषेशी सुमारे 51 अंशांचा कोन करते. डोळा तेवढाच नाकाकडे वळला की दोन्ही रेषा जुळतात आणि स्नायूची सगळी ताकद डोळा खाली नेण्यात खर्च होते. उलट डोळा बाहेर वळलेला असेल तर याच स्नायूकडे मुख्यत्वे डोळा पिळण्याचे काम उरते, आणि खाली नेण्याचे काम इन्फिरिअर रेक्टस करतो. तो तिसऱ्या नर्व्हवर चालतो, तर सुपिरियर ऑब्लिक चौथ्या नर्व्हवर. म्हणून रुग्णाला खाली आणि बाहेर पाहायला सांगणारा तपासनीस चौथी नर्व्ह तपासत आहे असे समजतो, पण प्रत्यक्षात तिसरी तपासतो.

हे मी पुस्तकातून घोकलेले नाही. माझे वडील स्कूटरवरून पडले तेव्हा डोक्याला मार लागला होता, आणि चौथी नर्व्ह मेंदूच्या मागच्या बाजूने निघून लांबचा वळसा घेत येणारी बारीक नर्व्ह असल्याने अशा मारात ती सहज दुखावते. जिना उतरताना त्यांना प्रत्येक पायरी दोन दिसे, एकीवर दुसरी, थोडी तिरकी. एक डोळा झाकला की पायरी एकच होई. एका ठिकाणी त्यांना खाली आणि बाहेर पाहायला सांगितले गेले, डोळा व्यवस्थित गेला आणि चष्म्याचा नंबर बदलून त्यांना घरी पाठवले गेले. आपण माझ्या अज्ञानाविषयी लिहिले तेव्हा मला ती खोली आठवली.

पुढे माझ्या वरिष्ठांनी त्यांना तपासले तेव्हा मी शेजारी उभी होते. समोर पाहताना उजवा डोळा वर होता. याचा अर्थ उजव्या डोळ्याला खाली नेणाऱ्या दोन स्नायूंपैकी किंवा डाव्याला वर नेणाऱ्या दोहोंपैकी एक दुबळा. डावीकडे पाहिल्यावर फरक वाढला; त्या दिशेला उजवा सुपिरियर ऑब्लिक आणि डावा सुपिरियर रेक्टस एवढेच उरतात. मग मान उजव्या खांद्याकडे कलवली आणि फरक आणखी वाढला. मान अशी कलली की उजव्या डोळ्याचा माथा नाकाकडे फिरवावा लागतो, आणि ते काम सुपिरियर ऑब्लिक व सुपिरियर रेक्टस मिळून करतात. पहिला दुबळा असल्याने दुसऱ्याची वर नेणारी ओढ रोखायला कोणी उरत नाही. निदान ठरले. आधीच्या महिन्यांत वडील मान डावीकडे कलती ठेवत होते, त्याचेही कारण हेच होते, आणि आम्ही ती सवय समजत होतो. ही पद्धत एकच स्नायू दुबळा असेल तरच भरवशाची असते. दोन्ही बाजूंच्या नर्व्ह दुखावल्या असतील किंवा डोळ्याच्या स्नायूंवर आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती फसवते.

सहाव्या नर्व्हविषयी वेगळे काही लिहावे असे मला वाटत नाही. डोळा बाहेर जात नाही आणि दुहेरी चित्रे शेजारी-शेजारी दिसतात, हे लेखात आहे. आकृत्यांचा आग्रह आपला आहे, माझा नाही.

आपल्या ‘बाहेर’ला उपयोग कुठे आहे, तेही सांगते. तिसरी नर्व्ह पूर्ण निकामी झाली की डोळा बाहेर वळलेला राहतो आणि नाकाकडे येऊच शकत नाही, त्यामुळे माझी दिशा तिथे चालत नाही. तेव्हा रुग्णाला खाली पाहायला सांगून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या एखाद्या रक्तवाहिनीवर नजर ठेवतात. बुबुळ खाली फारसे गेले नाही, पण डोळ्याचा माथा नाकाकडे फिरताना ती रक्तवाहिनी सरकली, तर चौथी नर्व्ह शाबूत आहे.